सोयाबीनची एक पिशवी आणि कायद्याची पाच सूत्रे: जोड्या लावून बघा

जून सरत आला की मराठवाड्यात एक बातमी हमखास येते. पाऊस झाला, पेरणी उरकली, पण सोयाबीन उगवलेच नाही. २०२० च्या खरिपात अशा तक्रारी इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरही दर हंगामात कुठल्या ना कुठल्या तालुक्यात तोच प्रश्न उभा राहतो: दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या डोक्यावर?

हा प्रश्न घेऊन शेतकरी वकिलाकडे गेला की कानावर लॅटिन पडू लागते. समोरची बाजू ‘कॅव्हिएट एम्प्टॉर’ म्हणते, आपला वकील दुसरेच काही म्हणतो, आणि ज्याचे रान मोकळे पडले आहे तो दोघांच्या तोंडाकडे बघत राहतो. कायद्याच्या पहिल्या वर्षाची पोरेही ही वाक्ये अर्थासकट घोकतात, पण प्रसंग समोर आला की कुठले वाक्य कुठे लावायचे हे त्यांना सुचत नाही. म्हणून इथे फक्त पाच वाक्ये घेतली आहेत आणि पाचही सोयाबीनच्या एकाच पिशवीवर लावून पाहिली आहेत.

या वाक्यांना कायद्याची सूत्रे म्हणू. सूत्र म्हणजे न्यायालयांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले तत्त्व, एका वाक्यात बांधलेले. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ध्यानात ठेवा: सूत्र म्हणजे कलम नव्हे. संसदेने केलेला कायदा एखाद्या बाबतीत वेगळे सांगत असेल तर कायदा चालतो, सूत्र बाजूला राहते. पुढचा निम्मा गोंधळ एवढ्याने सुटतो.

## आधी जोड्या लावा

कागद-पेन घ्या. प्रत्येक सूत्रापुढे एक अर्थ आणि एक प्रसंग लिहा. उत्तरे खाली एकेक करून येतील.

सूत्रे:
१. कॅव्हिएट एम्प्टॉर
२. रेस इप्सा लॉक्विटर
३. ऑडी आल्टेरम पार्टेम
४. लेक्स नॉन कॉजिट ॲड इम्पॉसिबिलिया
५. व्हिजिलँटिबस नॉन डॉर्मिएंटिबस ज्युरा सबव्हेनियंट

अर्थ:
क. कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही.
ख. जागे राहणाऱ्याला कायदा मदत करतो, झोपून राहणाऱ्याला नाही.
ग. घेणाऱ्याने पारखून घ्यावे.
घ. दुसऱ्या बाजूचेही ऐकून घ्या.
च. घडलेली गोष्टच सगळे सांगते.

प्रसंग:
प. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पोटात टॉवेल सापडतो.
फ. बियाणे सगळे पेरून झाले आहे आणि कंपनी म्हणते, ‘आधी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेला द्या.’
ब. बाजारातून आणलेला बैल औताला जुंपला की खाली बसतो.
भ. २०२२ च्या जूनमध्ये न उगवलेल्या बियाण्याची तक्रार २०२५ च्या दिवाळीनंतर दाखल होते.
म. रेशन दुकानाचा परवाना दुकानदाराला काही न विचारता रद्द होतो.

## घेणाऱ्याने पारखावे, पण कुठवर?

पहिल्या सूत्राची जोडी: १ – ग – ब.

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार घ्या. तिथे बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, सोबत गावातला एखादा जाणता माणूस नेतो. विकणाराही शेतकरीच असतो. बैलाचे सगळे दोष त्याने स्वतःहून सांगितलेच पाहिजेत असा सर्वसाधारण नियम नाही. घरी आणल्यावर बैल बसका निघाला तर कायदा आधी घेणाऱ्यालाच विचारतो: तू पाहिलेस का? हे या सूत्राचे मूळ रूप.

पण विकणाऱ्याला खोटे बोलण्याची मोकळीक या सूत्राने मिळत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये घोड्याचे एक सुंदर उदाहरण दिले आहे. विकणाऱ्याला घोड्यातला दोष माहीत आहे आणि तो काही बोलत नाही. एवढ्याने फसवणूक होत नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो’, आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर त्याचे गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. बैलबाजारात हे वाक्य दोन साक्षीदारांसमोर उच्चारायला काहीच खर्च येत नाही. पुढे वाद झाला तर ते फार कामी येते.

आता सोयाबीनच्या पिशवीकडे येऊ. मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रातून बंद पिशवी घेताना घेणाऱ्याने काय पारखायचे? दाणा हातावर घेऊन त्याची उगवणशक्ती दिसत नाही. सोयाबीनची साल पातळ असते. पोते उंचावरून आदळले तरी आतला अंकुर दुखावतो, आणि बाहेरून दाणा तसाच टपोरा दिसतो. कायद्याला हे कळते. वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम १६ आधी जुनेच सूत्र मान्य करते आणि लगेच त्याला अपवाद जोडते. तुम्ही वस्तू कशासाठी हवी ते सांगितले, दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबलात आणि ती वस्तू विकणे हाच त्याचा धंदा असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असावी ही अट करारात न लिहिताही असते.

इथे एक खाच आहे आणि कंपनीचे वकील ती नेमकी पकडतात. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली तर ‘कामाला योग्य असण्याची’ ही न लिहिलेली अट लागत नाही. म्हणजे ‘अमुक कंपनीचे तमुक वाणच द्या’ असे तुम्ही म्हणालात, तर वरचा अपवाद डळमळतो. मग शेतकऱ्याच्या हातात काय उरते? पिशवीवरचा टॅग. वर्णनावरून माल विकला असेल तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे त्याच कायद्याचे कलम १५ सांगते. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे आणि ती टॅगवर छापलेली असते. बियाण्याचा दावा मी कधीही ‘कामाला योग्य’वर उभा करणार नाही, तो टॅगवरच्या आकड्यावर उभा करावा. तो आकडा म्हणजे विकणाऱ्याने स्वतः दिलेला शब्द आहे.

## रान मोकळे दिसते, मग पुरावा कशाला?

२ – च – प. दुसऱ्या सूत्राची जोडी बहुतेकांना जमते, पण ते सोयाबीनला लावायचे म्हटले की गल्लत होते.

या सूत्राचे मराठवाड्यातलेच एक ठळक उदाहरण आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्रास वाढत गेला म्हणून पोट पुन्हा उघडले तर आत टॉवेल राहिलेला होता. काही दिवसांत ती दगावली. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये निकाल लागला. टॉवेल कोणी विसरला, डॉक्टर की परिचारिका, हे कुटुंबाला सिद्ध करता येण्यासारखे नव्हतेच. न्यायालयाने सांगितले, की अशी गोष्ट हलगर्जीपणाशिवाय घडत नाही, शस्त्रक्रियेचा सगळा ताबा रुग्णालयाकडे होता, तेव्हा खुलासा रुग्णालयानेच करायचा. राज्य सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरले गेले.

सूत्र लागू होण्यासाठी दोन गोष्टी लागतात, त्या या घटनेत स्वच्छ दिसतात. घडले ते निष्काळजीपणाविना सहसा घडत नाही ही पहिली. जिथून घडले ती जागा पूर्णपणे समोरच्याच्या ताब्यात होती ही दुसरी.

आता मोकळे रान घ्या. बियाणे न उगवण्याची कारणे अनेक. पुरेशी ओल नसताना पेरले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असे कृषी खाते सांगते ते त्यामुळेच. दाणे तीन-चार सेंटिमीटरऐवजी खूप खोल गेले. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि जमिनीवर कडक पापडी धरली. किंवा बियाणेच खराब होते. पहिली तीन कारणे कंपनीच्या ताब्यातली नाहीत. म्हणून ‘रानाकडे बघा, सगळे दिसतेच आहे’ एवढे बोलून भागत नाही. हे सूत्र इथे लावणारा पेपरात गुण गमावतो आणि ग्राहक आयोगासमोर दावा.

## मग बियाण्याचाच दोष कसा ठरवायचा?

इथून पुढे एकच प्रसंग धरून चालू. समजा, औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तीन एकरांसाठी तीस-तीस किलोच्या तीन पिशव्या घेतल्या. तिन्ही एकाच लॉटच्या. चांगला पाऊस झाल्यावर १८ जूनला पेरणी केली. २६ जूनला बघतो तर तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, तुटाळच तुटाळ.

पहिल्याच दिवशी त्याने तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एकेक प्रत दुकानदाराला व कंपनीला पाठवावी. कृषी खात्याची तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते. तीत खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबर कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ असतो. ही समिती रानात येऊन पंचनामा करते.

चांगला पंचनामा कसा असतो ते शेतकऱ्याला माहीत हवे, कारण तो पुन्हा करता येत नाही. हिशेब साधा आहे. एकरी तीस किलो बियाणे आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले तर तासाच्या एका मीटरमध्ये साधारण २८ दाणे पडतात. टॅगप्रमाणे ७० टक्के उगवले तर सुमारे २० रोपे दिसायला हवीत. समितीने रानात वेगवेगळ्या ठिकाणी एकेक मीटर मोजला आणि सरासरी सहा रोपे भरली, तर उगवण २१-२२ टक्के निघते. पण नुसता हा आकडा पुरत नाही. न उगवलेले दाणे उकरून ते किती खोल होते हे लिहायला हवे. त्या दिवशीची ओल लिहायला हवी. आणि सर्वांत मोलाची नोंद म्हणजे शेजारची. बांधाला बांध लागून असलेल्या रानात त्याच दिवशी, त्याच तिफणीने, दुसऱ्या लॉटचे बियाणे पेरले आणि ते नीट उगवले असेल. शिवाय गावात याच लॉटचे बियाणे दुसऱ्या कोणाच्या रानातही मेले असेल, तर पाऊस, खोली आणि पापडी ही तिन्ही कारणे आपोआप मागे पडतात. पंचनाम्यात ‘उगवण कमी आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर तो अपुरा आहे. कारण काय ते लिहा, असा आग्रह समिती रानात असतानाच धरावा.

## कंपनीला बोलवायचे कशाला?

३ – घ – म. रेशन दुकानाचा परवाना काढून घेताना दुकानदाराला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. दुकानदार दोषी असेलही. तरी त्याला न ऐकता दिलेला निर्णय टिकत नाही. हे तिसरे सूत्र. पाचांमध्ये न्यायालये सर्वांत कडकपणे पाळतात ते हेच, असे माझे मत आहे.

पंचनाम्याच्या वेळी शेतकरी नेमका इथे चुकतो. त्याला वाटते, कंपनीचा माणूस आला तर अधिकाऱ्यांवर वजन टाकील, त्यापेक्षा न आलेलाच बरा. मग पंचनामा गुपचूप उरकतो, आणि आयोगासमोर कंपनीचा पहिलाच आक्षेप येतो: ‘आम्हाला कळवलेच नाही, आमच्या माघारी केलेला कागद आमच्याविरुद्ध कसा वापरता?’ या आक्षेपावर चांगले चांगले पंचनामे कमकुवत झाले आहेत.

हे सूत्र संधी द्यायला सांगते; हजर राहण्याची सक्ती ते करत नाही. समितीने दुकानदाराला आणि कंपनीला तारीख-वेळ लेखी कळवली, पोच ठेवली, आणि तरीही कोणी आले नाही, तर सूत्र पूर्ण पाळले गेले. मग न आल्याची तक्रार कंपनीला करता येत नाही. आमच्या शेतकऱ्याने अर्जातच एक ओळ टाकावी: ‘पाहणीची सूचना विक्रेता व उत्पादक कंपनीला द्यावी, ही विनंती.’ आणि नोटिशीची प्रत मागून घ्यावी.

## सगळे पेरून झाले, आता नमुना कुठून आणायचा?

४ – क – फ. पाचांतले हे सूत्र सर्वांत कमी लोकांना माहीत असते, पण शेतकऱ्याच्या सर्वांत जास्त उपयोगाचे हेच.

ग्राहक संरक्षण कायद्यात एक तरतूद आहे. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना घेतो, मोहोरबंद करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. २०१९ च्या कायद्यात ती कलम ३८ मध्ये आहे, जुन्या १९८६ च्या कायद्यात कलम १३ मध्ये होती. बियाणे कंपन्या वर्षानुवर्षे याच तरतुदीकडे बोट दाखवत आल्या: शेतकऱ्याने नमुना दिला नाही, प्रयोगशाळेचा अहवाल नाही, म्हणून दोष सिद्ध नाही, दावा फेटाळा.

२०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला. न्यायालयाने जे म्हटले ते शेत पाहिलेल्या कोणालाही पटेल. शेतकरी बियाणे घेतो ते पेरण्यासाठी. घेतलेले सगळे तो पेरतो. पुढे कधी दोष निघेल म्हणून त्यातले काही बाजूला काढून ठेवील, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. दोष कळतो तो पेरल्यावर, आणि तेव्हा हातात काही उरलेले नसते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्याच्याकडे कायदा ते मागत नाही, हा चौथ्या सूत्राचाच विचार. त्या प्रकरणात शेताची पाहणी करून दिलेले तज्ज्ञांचे अहवाल विचारात घेतले गेले आणि शेतकऱ्यांच्या बाजूने लागलेले निकाल कायम राहिले.

तेवढ्यावर न थांबता एक उलटा प्रश्न विचारता येतो: नमुना कोणाकडे असायला हवा? बियाणे नियम, १९६८ प्रमाणे विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते, आणि पूर्ण लॉट विकून संपल्यावर वर्षभर तरी त्याचा नमुना टाकून देता येत नाही. म्हणजे शेतकऱ्याला जे अशक्य, ते कंपनीला सहज शक्य आहे. आपले बियाणे चांगले होते अशी कंपनीची खात्री असेल तर तिनेच त्या लॉटचा नमुना चाचणीला पाठवा अशी आयोगाकडे विनंती करावी.

या सूत्राला मर्यादाही आहे. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली अशक्यता ते माफ करत नाही. पिशवी चुलीत घातली, टॅग फाडून फेकला, पावती घेतलीच नाही, आणि मग ‘आता पुरावा आणणे अशक्य आहे’ म्हटले तर कोणी ऐकत नाही. म्हणून पिशवी टॅगच्या बाजूने फोडू नये, खालच्या बाजूने फोडावी. टॅग शिवलेला तसाच राहू द्यावा, मूठभर बियाणे पिशवीत राखावे, आणि पावतीवर वाण व लॉट नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. कायदा नमुना राखण्याची सक्ती करत नाही हे खरे, पण राखलेला असेल तर वादच मिटतो.

शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने मोड मोजणे ही घरगुती तपासणी पेरणीआधी केलेली सर्वांत उत्तम. सत्तरच्या आत मोड आले तर पिशवी न पेरता परत न्यावी.

## ‘शेतकरी ग्राहक कसा? तो तर माल विकतो’

कंपनीकडून हमखास येणाऱ्या दोन आक्षेपांपैकी हा पहिला. व्यापारासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू वापरणाऱ्याला कायदा व्यापारी धरत नाही. २०१२ च्या त्याच निकालाने शेतकऱ्याला ग्राहक मानले.

दुसरा आक्षेप: बियाण्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा असताना ग्राहक आयोगाचे काय काम? त्या कायद्यात विक्रेत्याला शिक्षा आहे, पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई मात्र त्यात नाही. ग्राहक कायद्याची दाद ही इतर कायद्यांच्या जोडीला मिळणारी जादा दाद आहे, असे तो कायदा स्वतःच सांगतो. त्यामुळे हा आक्षेपही टिकला नाही.

## माहीतच नव्हते, तर?

५ – ख – भ. २०२२ च्या जूनमधले नुकसान, तक्रार २०२५ च्या दिवाळीनंतर. तीन वर्षांहून जास्त काळ गेला.

ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, कलम ६९. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग ते लेखी नोंदवून तक्रार घेऊ शकतो. दीर्घ आजारपणासारखे कारण कागदांनिशी मांडता येते. ‘दुकानदार बघतो-करतो म्हणत होता’ हे मात्र सहसा चालत नाही. शेतकरी सर्वांत जास्त इथेच फसतो. दुकानदार पुढच्या हंगामात एखादी पिशवी कमी भावात देण्याचे गोड बोलतो, कंपनी ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ असे पत्र देते, आणि दोन्ही खरिपे निघून जातात. पत्रव्यवहार चालू असला म्हणून मुदत थांबत नाही. आमच्या औशाच्या शेतकऱ्याला २६ जूनला दोष दिसला. त्याने पंचनामा हाती येताच, फार तर त्याच वर्षाच्या दिवाळीपर्यंत तक्रार टाकावी.

‘मुदतीचे मला ठाऊकच नव्हते’ म्हणणाऱ्याला सहावे एक सूत्र ऐकवले जाते: कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही. त्याचा अर्थ पुष्कळांना वाटतो तसा ‘प्रत्येकाला कायदा माहीत असतो असे धरले जाते’ हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका साखर कारखान्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की असे गृहीतक कायद्यात नाही. माहीत नसणे शक्य आहे, पण तेवढ्याने जबाबदारीतून सुटका होत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

तक्रार करणे त्यामानाने सोपे झाले आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे शेतकरी राहतो त्या जिल्ह्याच्याच आयोगात ती करता येते, कंपनीचे कार्यालय हैदराबादला असो की इंदूरला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तीन पिशव्यांची किंमत त्याच्या कितीतरी आत असते. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मागणीत बियाण्याची किंमत, पेरणीची मजुरी आणि तिफणीचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे, दुबार पेरणीचा खर्च आणि घटलेल्या उत्पन्नाचा अंदाज वेगवेगळा लिहावा. शेवटच्या रकमेसाठी सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि आधीच्या वर्षांच्या मोंढ्यातल्या पट्ट्या जोडाव्यात, नाहीतर आयोग ती रक्कम अंदाजाने बरीच कापतो.

## आता दोन अवघड प्रश्न

पहिला. दुकानदाराने पावतीच्या मागे छापले आहे: ‘उगवणीची जबाबदारी आमच्यावर नाही.’ शेतकऱ्याने पावती घेतली. पहिले सूत्र लागू होऊन दावा संपला का?

नाही. टॅगवर ७० टक्के छापून विकायचे आणि पावतीमागे त्यातून अंग काढून घ्यायचे, हे एकमेकांशी जुळत नाही. शिवाय जाहीर केलेल्या वाणांच्या बियाण्याची उगवण ठरलेल्या किमान मर्यादेइतकी असलीच पाहिजे, असे बियाणे कायद्याचे कलम ७ सांगते. कायद्याने टाकलेली ही जबाबदारी छापील ओळीने पुसली जात नाही. इथे सुरुवातीचा नियम लागतो: कायदा एका बाजूला आणि सूत्र दुसऱ्या बाजूला असेल तर कायदा चालतो.

दुसरा प्रश्न. शेतकऱ्याने मोंढ्यातून बियाणे घेतलेच नाही. शेजाऱ्याच्या घरचे, मागच्या हंगामात राखलेले सोयाबीन दोन क्विंटल रोखीने घेतले. टॅग नाही, पावती नाही. तेही उगवले नाही. आता कोणते सूत्र?

पहिलेच, आणि या वेळी जवळपास पूर्ण जोराने. शेजारी बियाण्याचा धंदा करत नाही, त्याने उगवणीचा आकडा लिहून दिला नाही, आणि शंभर दाणे गोणपाटात टाकून बघायला घेणाऱ्याला पुरेसे दिवस होते. शेजाऱ्याने ‘मी तपासले आहे, नव्वद टक्के उगवते’ असे खोटे सांगून विकले असेल आणि ते चार माणसांनी ऐकले असेल, तरच करार कायद्यातली फसवणूक उभी राहते, आणि तो दावा ग्राहक आयोगात न नेता दिवाणी न्यायालयात न्यावा.